मीटर टेकवला आणि व्होल्टेज बदललं: जास्त रोधाच्या सर्किटमध्ये मोजताना काय होतं

१२ व्होल्टचा सप्लाय घ्या. त्याच्या पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हच्या मध्ये १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा. दोन्ही सारखे आहेत, त्यामुळे मधल्या जोडावर बरोबर निम्मं, म्हणजे ६ व्होल्ट यायला हवं. आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात सर्रास दिसणारा तो पिवळा, स्वस्तातला डिजिटल मीटर २० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि मधल्या जोडापासून निगेटिव्हपर्यंत मोजा. बहुतेक वेळा तो ६ नाही, ४ व्होल्ट दाखवेल.

पहिला संशय रेझिस्टरवर जातो. काढून ओहममध्ये तपासले तर दोन्ही १ मेगाओहमच भरतात. मग सप्लायवर संशय. तोही १२ व्होल्ट. मग मीटरवर. पण तोच मीटर बॅटरीवर लावला की आकडा चोख येतो. सगळं ठीक असताना उत्तर चुकतं, आणि तेही थोडंथोडकं नाही, तब्बल एक तृतीयांशानं.

यातली गोम अशी की मीटर खोटं बोलत नाही. प्रोब टेकलेले असतात तेवढा वेळ त्या जोडावर खरोखरच ४ व्होल्ट असतात. प्रोब उचलले की पुन्हा ६ होतात. आपल्याला हवं होतं ते प्रोब नसतानाचं व्होल्टेज, आणि हातात आलं ते प्रोब असतानाचं.

मीटर हाही एक रेझिस्टरच

व्होल्टेज मोजायला मीटरला सर्किटमधून थोडा तरी करंट घ्यावा लागतो. डिजिटल मीटरच्या दोन प्रोबच्या मध्ये आत रेझिस्टरांची एक साखळी बसवलेली असते. चांगल्या मीटरमध्ये तिचा एकूण रोध साधारण १० मेगाओहम असतो, अगदी स्वस्त मीटरमध्ये बरेचदा १ मेगाओहम. मीटर लावणं म्हणजे त्या दोन बिंदूंच्या मध्ये तेवढ्या किमतीचा आणखी एक रेझिस्टर जोडणं.

आपल्या सर्किटमध्ये हे करून पाहू. खालच्या १ मेगाओहमला मीटरचा १ मेगाओहम समांतर आला. दोन सारखे रेझिस्टर समांतर आले की रोध निम्मा होतो, म्हणजे खाली आता ५०० किलोओहम उरले. वर मात्र १ मेगाओहम तसाच आहे. १२ व्होल्टची वाटणी आता एकास एक राहिली नाही, ती दोनास एक झाली: वर ८, खाली ४. मीटरनं दाखवलेले ४ ते हेच.

१० मेगाओहमचा मीटर असता तर खालचा रोध १ मेगाओहमवरून ९०९ किलोओहमवर आला असता आणि आकडा ५.७१ व्होल्ट दिसला असता. चूक आहेच, पण पाच टक्क्यांच्या आसपास. ही चूक जास्त फसवी, कारण ६ च्या जागी ५.७१ दिसलं की ‘रेझिस्टर पाच टक्क्यांचे आहेत, तेवढा फरक येणारच’ म्हणून माणूस पुढे जातो.

आता त्याच सप्लायवर १ मेगाओहमच्या ऐवजी १ किलोओहमचे दोन रेझिस्टर लावा आणि तोच स्वस्त मीटर वापरा. आकडा ५.९९७ व्होल्ट, म्हणजे पडद्यावर ६.००. मीटर बदलला नाही, सप्लाय बदलला नाही, तरी चूक गायब. म्हणून नुसत्या मीटरला बरा-वाईट ठरवता येत नाही. तो कुठे लावला आहे ते बघावं लागतं. तिसऱ्या मजल्यावर पाण्याची जेमतेम धार येत असेल तर दाब बघायला तोटी उघडणं हेच दाब घालवतं. तीच तोटी रस्त्यातल्या मोठ्या जलवाहिनीवर उघडली तर वाहिनीला काही कळतही नाही. जास्त रोधाचं सर्किट म्हणजे ती तिसऱ्या मजल्यावरची बारीक नळी.

हे मोजायला एक आकडा लागतो: त्या बिंदूच्या मागे किती रोध उभा आहे. त्याला आपण स्रोतरोध म्हणू. दोन रेझिस्टरांच्या जोडावरून मागे पाहिलं तर करंट यायला दोन वाटा आहेत, वरच्या रेझिस्टरमधून सप्लायकडे आणि खालच्यातून निगेटिव्हकडे. सप्लायचा स्वतःचा रोध नगण्य असल्यानं या दोन्ही वाटा समांतर धरायच्या. १ मेगाओहमच्या दोन वाटा समांतर, म्हणून स्रोतरोध ५०० किलोओहम. मग हिशेब सोपा होतो. खऱ्या व्होल्टेजचा किती भाग मीटर दाखवेल? मीटरचा रोध भागिले मीटरचा रोध अधिक स्रोतरोध. १ मेगाओहमच्या मीटरला १ भागिले १.५, म्हणजे दोन तृतीयांश. ६ चे दोन तृतीयांश ४.

यातूनच कामाची मर्यादा मिळते. चूक एक टक्क्याच्या आत हवी असेल तर मीटरचा रोध स्रोतरोधाच्या शंभरपट हवा. १० मेगाओहमच्या मीटरनं १०० किलोओहमपर्यंतचा स्रोत निर्धास्त मोजावा. १ मेगाओहमच्या मीटरला ही हद्द १० किलोओहमवर संपते. हातातला मीटर कोणत्या जातीचा आहे हे माहीत नसेल तर ९ व्होल्टची बॅटरी आणि १ मेगाओहमचा एक टक्का मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. आधी बॅटरी थेट मोजा. मग एका प्रोबच्या आणि बॅटरीच्या मध्ये तो रेझिस्टर घालून मोजा. आकडा निम्मा झाला तर मीटर १ मेगाओहमचा. ९ चे ८.१८ झाले तर १० मेगाओहमचा. मोजताना प्रोबच्या उघड्या टोकांना बोटं लावू नका, नाहीतर शरीराचा रोधही हिशेबात येतो; पावसाळ्यात घामट हात असतील तर तो मेगाओहमच्याही खाली असतो. आणि हा प्रयोग बॅटरीवरच करायचा, घरातल्या लाईनवर कधीही नाही.

काट्याचा मीटर: रेंज बदलली की आकडा बदलतो

काट्याच्या मीटरच्या डायलवर कोपऱ्यात बारीक अक्षरांत २०,००० ओहम प्रति व्होल्ट असं काहीतरी छापलेलं असतं. पुष्कळ जण ते कधी वाचतच नाहीत, आणि जास्त रोधाच्या कामात त्या मीटरबद्दल सगळ्यात महत्त्वाची माहिती तीच असते. अर्थ असा की रेंजच्या प्रत्येक व्होल्टमागे मीटरचा रोध २० किलोओहम. काटा पूर्ण टोकाला जायला ५० मायक्रोअँपिअर लागतात, त्यावरून हा आकडा निघतो.

म्हणजे १० व्होल्टच्या रेंजवर हा मीटर फक्त २०० किलोओहमचा आहे. आपल्या ६ व्होल्टच्या जोडावर तो लावला तर काटा १.७ व्होल्टवर थांबतो. ५० व्होल्टच्या रेंजवर मीटर १ मेगाओहमचा होतो आणि ४ व्होल्ट दाखवतो. २५० च्या रेंजवर ५ मेगाओहम, म्हणून ५.४५. एकाच बिंदूवर तीन रेंज, तीन उत्तरं. असं दिसलं की समजावं, मीटर सर्किटला दाबतोय. दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज नाही.

मग २५० ची रेंज ठेवूनच मोजावं का? इथं दुसरा खड्डा आहे. काट्याच्या मीटरची अचूकता पूर्ण पट्टीच्या टक्क्यांत सांगितलेली असते. तीन टक्क्यांचा मीटर २५० च्या पट्टीवर साडेसात व्होल्ट इकडे-तिकडे होऊ शकतो. त्या पट्टीवर साडेपाच व्होल्ट म्हणजे काटा शून्यापासून जेमतेम हलल्यासारखा. रोधामुळे होणारी चूक घटली, वाचण्यातली चूक तिच्यापेक्षा मोठी झाली. मोठ्या रेंजचा उपयोग दाब पडतोय की नाही हे ओळखण्यापुरताच करावा.

डिजिटल मीटरमध्ये ही खूण मिळत नाही. त्यात व्होल्टच्या सगळ्या रेंजना रोध सहसा सारखाच असतो, त्यामुळे रेंज कितीही बदलली तरी तोच चुकीचा आकडा ठामपणे पुन्हा पुन्हा येतो. काही मीटरमध्ये मिलिव्होल्टच्या रेंजवर रोध खूप जास्त असतो, पण ते त्या त्या मीटरच्या माहितीपत्रकात बघूनच ठरवावं.

मीटर लावला की अडकणारा टायमर

आतापर्यंत फक्त आकडा चुकला. पुढचं प्रकरण जास्त खर्चिक आहे, कारण त्यात मीटर सर्किटचं कामच थांबवतो.

पंचगंगा-भोगावतीच्या काठानं उसाला पाणी देणाऱ्या मोटारींना ऑटो स्टार्टर असतो. लाईट आली की लगेच मोटार उठू नये, थोडा वेळ जाऊ द्यावा, म्हणून त्यात विलंबाचा टायमर असतो. तयार पॅनेलमध्ये तो वेगवेगळ्या पद्धतीनं केलेला असतो; इथं ५५५ आयसीवरचा साधा टायमर घेऊ. १२ व्होल्टच्या सप्लायपासून २.२ मेगाओहमचा रेझिस्टर, त्याखाली १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, आणि दोघांच्या जोडावर आयसीची ६ आणि ७ नंबरची पिन. सप्लाय आला की ट्रिगर मिळतो, ३ नंबरची पिन हाय होते आणि तोपर्यंत मोटार अडवून धरली जाते. कॅपॅसिटर हळूहळू भरतो. सप्लायच्या दोन तृतीयांशावर, म्हणजे ८ व्होल्टवर पोचला की टायमर सुटतो, ७ नंबरची पिन कॅपॅसिटर रिकामा करते आणि मोटारीचा मार्ग मोकळा होतो. वेळ येते साधारण २४ सेकंद.

मोटार उठत नाही अशी तक्रार आली. मिस्त्री कॅपॅसिटर भरतोय का ते बघायला १ मेगाओहमचा मीटर पिन ६ वर लावतो. आकडा चढायला लागतो: १, २, ३, मग ३.७ च्या आसपास येऊन थांबतो. मिनिट झालं तरी तिथंच. ८ व्होल्ट काही येत नाहीत. ‘कॅपॅसिटर गेला’ म्हणून तो बदलला जातो. नवा लावला तरी तेच. मग आयसी बदलला जातो. तरी तेच.

कारण साधं आहे. २.२ मेगाओहमचा रेझिस्टर वर आणि १ मेगाओहमचा मीटर खाली, अशी वाटणी तयार झाली. १२ व्होल्ट गुणिले १ भागिले ३.२, म्हणजे ३.७५. कॅपॅसिटर कितीही वेळ दिला तरी याच्या वर भरू शकत नाही. मीटर लावलेला असेपर्यंत हा टायमर कधीच सुटणार नाही. मूळ बिघाड रिलेच्या कॉइलमध्ये असेल, एखाद्या सैल लगमध्ये असेल. पण तपासणीनं स्वतःचाच एक नवा बिघाड तयार केला आणि आता सगळे त्याच्या मागे लागले.

१० मेगाओहमचा मीटर लावला असता तर टायमर सुटला असता, पण उशिरा. कॅपॅसिटरला गाठता येण्याजोगी कमाल पातळी १२ वरून ९.८ व्होल्टवर येते, आणि ८ पर्यंत पोचायला २४ च्या जागी ३० सेकंद लागतात. इथं मिस्त्री म्हणेल, टायमर हळू चालतोय, रेझिस्टर वाढलेला दिसतोय.

उलट बाजूही बघण्यासारखी आहे. कॅपॅसिटरऐवजी त्या २.२ मेगाओहमच्या रेझिस्टरच्या दोन टोकांना १ मेगाओहमचा मीटर लावला तर तो रेझिस्टरला समांतर येतो, भरण्याची वाट रुंद होते आणि टायमर साडेसात सेकंदांतच सुटतो. तोच मीटर, तेच सर्किट: एका ठिकाणी लावला तर टायमर कधीच सुटत नाही, दुसऱ्या ठिकाणी लावला तर तिप्पट वेगानं पळतो.

अशा वेळी पिन ६ ला हातच लावू नये. पिन ३ वर मीटर लावावा आणि हातात घड्याळ धरावं. पिन ३ हा आयसीचा आउटपुट आहे, त्यामागचा रोध अगदी कमी, तिथं कुठलाही मीटर चालतो. २४ सेकंदांनी ती लो झाली तर टायमरचं ठीक आहे, बिघाड पुढे शोधायचा.

पिन ६ मोकळी असतानाही टायमर सुटत नसेल, तर मात्र कॅपॅसिटरवरचा संशय रास्त आहे, आणि कारण पुन्हा तेच निघतं. ८ व्होल्टच्या जवळ पोचल्यावर २.२ मेगाओहममधून येणारा करंट उरतो फक्त ४ व्होल्ट भागिले २.२ मेगाओहम, म्हणजे १.८ मायक्रोअँपिअर. कॅपॅसिटर जुना होऊन त्यातून याहून जास्त करंट गळत असेल तर तो ८ ला पोचणारच नाही. गळणारा कॅपॅसिटर म्हणजे कायमचा जोडून ठेवलेला मीटरच समजा. साध्या इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरच्या माहितीपत्रकात काही मायक्रोअँपिअर गळती चालेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा नवा कॅपॅसिटर लावूनही हा प्रकार होऊ शकतो. त्यावर इलाज रेझिस्टर लहान करण्याचा आहे: २.२ मेगाओहमऐवजी २२० किलोओहम आणि १० ऐवजी १०० मायक्रोफॅरड. वेळ तेवढीच राहते. गळतीही मोठ्या कॅपॅसिटरबरोबर वाढते, पण ती पेलायला आता १८ मायक्रोअँपिअर हाताशी असतात, आणि १० मेगाओहमच्या मीटरला हे सर्किट बऱ्यापैकी मोजताही येतं.

चूक ओळखायची आणि खरा आकडा काढायचा

सगळ्यात सोपी तपासणी बेरजेची. वरच्या रेझिस्टरवर किती व्होल्ट पडले ते मोजा, खालच्यावर किती ते मोजा, आणि सप्लाय मोजा. पहिल्या दोन्हींची बेरीज सप्लायइतकी भरायला हवी. आपल्या उदाहरणात १ मेगाओहमच्या मीटरनं वर ४, खाली ४, बेरीज ८, आणि सप्लाय १२. हरवलेले ४ व्होल्ट कुठे गळाले नाहीत. प्रत्येक वेळी मीटर ज्या बाजूला लावला ती बाजू त्यानं खाली ओढली, एवढंच.

चूक आहे हे कळल्यावर दुसरा मीटर आणायलाच हवा असं नाही. मीटरच्या रोधाइतकाच एक रेझिस्टर जवळ असला की पुरे. आधी नेहमीसारखं मोजा. हा पहिला आकडा, V1. मग तो रेझिस्टर मीटरच्या प्रोबना समांतर लावून पुन्हा मोजा. हा दुसरा आकडा, V2. आता सर्किटवरचा भार दुप्पट झाला, आणि भार वाढल्यावर व्होल्टेज किती घसरलं यावरून भार शून्य असताना किती असेल ते, म्हणजे Vt, काढता येतं:

```
Vt = V1 × V2 / (2 × V2 − V1)
```

आपल्या जोडावर १ मेगाओहमच्या मीटरनं पहिला आकडा ४ आला. १ मेगाओहमचा रेझिस्टर समांतर लावल्यावर दुसरा आकडा ३ येतो. वर ४ गुणिले ३, म्हणजे १२. खाली दोन त्रिक सहा वजा ४, म्हणजे २. उत्तर ६. मीटर स्वतः कधीच ६ दाखवू शकला नसता, तरी खरा आकडा हाती आला.

याच्या दोन अटी आहेत. सर्किट साधं रेझिस्टरांचं हवं. भार बदलल्यावर एखादा ट्रान्झिस्टर बंद होत असेल किंवा टायमरसारखं व्होल्टेज सतत चढत असेल तर हे सूत्र निरर्थक आकडे देतं. आणि स्रोतरोध मीटरच्या कितीतरी पट मोठा असेल तर दुसरा आकडा पहिल्याच्या जवळपास निम्मा येतो, खालची वजाबाकी शून्याजवळ जाते आणि वाचण्यातली बारीकशी चूकही उत्तर कुठल्या कुठे नेते.

करंट न घेता मोजायचं असेल तर

बारावीच्या भौतिकशास्त्रात पोटेन्शिओमीटर शिकवताना सांगतात की तुल्यबिंदूला तो मोजायच्या सेलमधून करंट घेत नाही. तीच युक्ती टेबलावर पाच मिनिटांत करता येते. त्याच १२ व्होल्टच्या सप्लायवर १० किलोओहमचा पॉट जोडा, दोन टोकं पॉझिटिव्ह आणि निगेटिव्हला. पॉटचा मधला पाय मीटरच्या एका प्रोबला, आणि मीटरचा दुसरा प्रोब आपल्या संशयित जोडाला. आधी २० व्होल्टची रेंज. पॉट फिरवत आकडा शून्याकडे आणा, मग २ व्होल्ट, मग २०० मिलिव्होल्टची रेंज लावून शून्य पक्कं करा. आता मीटरच्या दोन्ही बाजूंना सारखंच व्होल्टेज आहे, त्यातून करंट वाहत नाही, म्हणजे सर्किटवर त्याचा भारच नाही. पॉटला धक्का न लावता मीटर काढा आणि पॉटच्या मधल्या पायापासून निगेटिव्हपर्यंत मोजा. तिथं स्रोतरोध जास्तीत जास्त अडीच किलोओहम, त्यामुळे स्वस्त मीटरही ५.९८ किंवा ५.९९ दाखवतो. चूक पाव टक्का.

जवळ चांगला मीटर नसताना स्थिर व्होल्टेजसाठी आम्हाला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते, कारण हिला मीटरचा रोध माहीत असण्याचीही गरज नाही. मात्र पॉट फिरवून शून्य गाठेपर्यंत भार थोडा पडतोच, म्हणून मागे कॅपॅसिटर असेल तर शून्य झाल्यावर काही सेकंद थांबून पुन्हा नीट जुळवावं.

चढत-उतरतं व्होल्टेज बघायचं असेल, जसं टायमरच्या कॅपॅसिटरवर, तर मध्ये ऑप-अँप घालावा लागतो, जो इनपुटवरचं व्होल्टेज तसंच आउटपुटवर देतो. सीए३१४० घेतला तर त्याचा इनपुट सर्किटमधून पिकोअँपिअरच्या घरातला करंट घेतो, म्हणजे आपल्या कामापुरता काहीच नाही. पिन ७ ला १२ व्होल्ट, पिन ४ निगेटिव्हला, पिन २ आणि ६ एकमेकींना जोडलेल्या, मोजायचा बिंदू पिन ३ ला आणि मीटर पिन ६ वर. १२ व्होल्टच्या सप्लायवर हा साधारण ९ व्होल्टपर्यंतच पोचतो, पण आपल्याला ८ पर्यंतच हवं आहे. हाताशी असतो म्हणून एलएम३५८ वापरायचा मोह होतो. त्याच्या इनपुटमधून साधारण ४५ नॅनोअँपिअर बाहेर येतात, २.२ मेगाओहमवर त्याचे ०.१ व्होल्ट होतात. चाललं तर चालवा, पण तेवढा आकडा चढा आहे हे धरून.

पीएच इलेक्ट्रोड: दहा मेगाओहमही जिथं तोकडे पडतात

कोल्हापूरच्या आसपासच्या साखर कारखान्यांत उसाच्या रसाला चुना आणि गंधकाचा वायू देऊन त्याचा पीएच ७ च्या आसपास राखतात. तो मोजणाऱ्या काचेच्या इलेक्ट्रोडचा रोध काचेमुळेच १०० मेगाओहम किंवा त्याहून जास्त असतो. पीएचच्या दर एककाला इलेक्ट्रोड सुमारे ५९ मिलिव्होल्ट देतो, २५ अंश तापमानाला. पीएच ७ ला जवळपास शून्य, पीएच ४ ला सुमारे १७७ मिलिव्होल्ट.

इलेक्ट्रोड जिवंत आहे का हे बघायला कुणी त्याच्या कनेक्टरवर १० मेगाओहमचा मल्टीमीटर लावतो. ७ च्या बफरमध्ये, म्हणजे पीएच ७ ठरवून बनवलेल्या द्रावणात, शून्य. बरोबर वाटतं. ४ च्या बफरमध्ये बुडवतो आणि १६ मिलिव्होल्ट दिसतात, कारण १०० मेगाओहमच्या पुढे १० मेगाओहमचा मीटर खऱ्या व्होल्टेजचा अकरावा भागच दाखवतो. इलेक्ट्रोड मेला, असा निकाल लागतो आणि चांगला इलेक्ट्रोड कचऱ्यात जातो. यातली ७ ची नोंद सगळ्यात फसवी आहे: शून्याचा कितीही भाग घेतला तरी शून्यच, म्हणून तिथं वाईटात वाईट मीटरही बरोबर ठरतो. इलेक्ट्रोडची परीक्षा ७ पासून दूरच्या बफरमध्येच घ्यायची, आणि ती पीएच मीटरवर किंवा त्याच्या ट्रान्समीटरवर घ्यायची. त्यांचा इनपुट याच कामासाठी लाखो मेगाओहमचा केलेला असतो.

तो इनपुट कितीही चांगला असला तरी केबलच्या टोकाचा कनेक्टर ओला झाला तर सगळं पाण्यात जातं. पावसाळी हवेत कनेक्टरच्या आत ओल आणि रसाचा चिकट थर मिळून मधल्या पिनेपासून बाहेरच्या कड्यापर्यंत करंटला वाट तयार होते. ती वाट १००० मेगाओहमची असली, जी साध्या मल्टीमीटरवर ‘ओपन’ म्हणूनच दिसेल, तरी २५० मेगाओहमच्या इलेक्ट्रोडचं व्होल्टेज ती ऐंशी टक्क्यांवर आणते. मग ५९ च्या जागी दर एककाला ४७ मिलिव्होल्ट मिळतात आणि कॅलिब्रेशनमध्ये उतार कमी आल्याचा इशारा येतो. नवा इलेक्ट्रोड मागवण्याआधी कनेक्टर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसावा, गरम हवेनं पूर्ण कोरडा करावा आणि ७ व ४ च्या बफरमध्ये पुन्हा कॅलिब्रेट करावं. उतार परत ५६-५८ वर आला तर गळती कनेक्टरमध्ये होती. कोरडं करूनही ४७ च राहिला तर इलेक्ट्रोड बदलावा.